तेरा टाइल्सचा हात: हाँगकाँग माहजाँगमध्ये काय ठेवायचं, काय टाकायचं

माहजाँग नव्याने शिकणाऱ्यावर एक प्रसंग हमखास येतो. चार संच जुळतात, जोडी जुळते, तो हात उघडून दाखवतो आणि बाकीचे तिघे सांगतात, ही जीत धरता येणार नाही. टाइल्स तर नियमाप्रमाणे जुळलेल्या असतात. कमी पडलेले असतात ते फान, म्हणजे हाताच्या किमतीचे अंक. हाँगकाँगमध्ये बहुतेक टेबलांवर किमान ३ फान असल्याशिवाय जिंकता येत नाही. हात पूर्ण होणं ही एक गोष्ट आणि जिंकण्याच्या किमतीचा होणं ही दुसरी. शिकताना पहिलीवर सगळा भर दिला जातो, दुसरी नंतर पाहू म्हणून राहून जाते. माझं म्हणणं असं, की दोन्ही पहिल्या दिवसापासून एकत्र शिकाव्यात, कारण कोणती टाइल ठेवायची हे ती कशाशी जुळते यावर जितकं ठरतं तितकंच ती किती फान देणार यावरही ठरतं.

माहजाँगचे प्रकार बरेच आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चीनमध्ये हा खेळ आजच्या रूपात आला, आणि पुढे जिथे गेला तिथे त्याचे नियम बदलले. जपानी रिइची वेगळा, अमेरिकेतला वेगळा. मुंबईतल्या क्लबांत आणि सैन्यदलांतल्या कुटुंबांत जो खेळला जातो त्यातही खास हातांच्या याद्या आणि प्रत्येक गटाचे स्वतःचे नियम असतात. इथे मी हाँगकाँगची पद्धत घेतली आहे. तिची मोजणी सगळ्यात सोपी आहे, आणि ती आली की बाकीच्या प्रकारांत काय बदलतं ते पटकन लक्षात येतं.

टाइल्सची ओळख

तीन रंग आहेत: ठिपके, बांबू आणि अक्षरं. प्रत्येकात १ ते ९, आणि प्रत्येक टाइल चार वेळा. म्हणजे १०८. ठिपके मोजता येतात. बांबूच्या कांड्याही मोजता येतात, फक्त बांबू १ वर कांडीऐवजी पक्षी असतो. अक्षरांच्या टाइलवर वर चिनी आकडा आणि खाली दहा हजार या अर्थाची खूण असते. १, २, ३ म्हणजे तितक्या आडव्या रेघा, पुढचे आकडे पाठ करावे लागतात. भारतात मिळणाऱ्या बऱ्याच संचांत कोपऱ्यात आपल्या ओळखीचा आकडाही छापलेला असतो, त्यामुळे अडत नाही.

मग मानाच्या टाइल्स. पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर असे चार वारे, आणि लाल, हिरवा, पांढरा असे तीन ड्रॅगन. पांढऱ्यावर नुसती निळी चौकट असते किंवा काहीच नसतं, म्हणून नवखे त्याला जादा टाइल समजतात. वारे आणि ड्रॅगनही प्रत्येकी चार, म्हणजे २८. एकूण १३६. याखेरीज ८ फुलांच्या टाइल्स असतात. शिकताना त्या डब्यातच राहू द्या. त्या संचात येत नाहीत, फक्त बाजूला मांडायच्या असतात, आणि सुरुवातीला लक्ष विचलित करतात.

टाइल्स पालथ्या घालून पिसायच्या. मग चौघांनी आपापल्यासमोर दोन थरांची, सतरा टाइल्स लांबीची भिंत रचायची. फासे टाकून भिंत कुठून फोडायची ते ठरतं. प्रत्येकाने तीनदा चार-चार टाइल्स घ्यायच्या, मग एक-एक. पूर्वेला बसलेला एक जास्त घेतो. त्याच्याकडे १४ होतात, बाकीच्यांकडे १३. खेळ घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे आपल्या उजवीकडच्याकडे जातो. त्यामुळे पूर्वेच्या उजव्या हाताला दक्षिण, समोर पश्चिम, डावीकडे उत्तर. नकाशावरच्या दिशांशी हे जुळत नाही, तेव्हा नकाशा विसरलेला बरा.

संच, जोडी आणि पाळी

जिंकणारा हात १४ टाइल्सचा: तीन-तीन टाइल्सचे चार संच आणि एकसारख्या दोन टाइल्सची जोडी. संच दोन तऱ्हांचे. एकाच रंगातले तीन लागोपाठ आकडे म्हणजे चाऊ, उदाहरणार्थ बांबू ५-६-७. तीन अगदी सारख्या टाइल्स म्हणजे पंग. वारे आणि ड्रॅगन यांचा क्रम लागत नाही, त्यांचा फक्त पंग होतो. चारही सारख्या टाइल्स जमल्या तर काँग जाहीर करता येतो. पण काँग मोजायचा एकच संच म्हणून, आणि तो मांडल्यावर भिंतीच्या शेपटाकडून एक टाइल उचलावी लागते, नाहीतर हातात एक टाइल कमी राहते.

रमी खेळलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, आणि नेमकं तिथेच फसायला होतं. रमीत टाकलेलं पान फक्त पुढच्याला उचलता येतं. इथे टाकलेल्या टाइलवर बाकीच्या तिघांपैकी कोणाचाही हक्क लागू शकतो, आणि तो कशासाठी हवा आहे त्यावर अवलंबून असतो. पंग किंवा काँग करायचा असेल तर टाइल कोणीही टाकलेली चालते. चाऊ करायचा असेल तर फक्त आपल्या डावीकडच्याने, म्हणजे आपल्या लगेच आधी खेळणाऱ्याने टाकलेलीच घेता येते. पण त्या टाइलने हात पूर्ण होऊन जीत होत असेल, तर ती चाऊसाठी असो वा जोडीसाठी, कोणाकडूनही घेता येते. एकाच टाइलवर दोघांनी हक्क सांगितला तर जीत सगळ्यांच्या वर, मग पंग आणि काँग, शेवटी चाऊ.

अशी टाइल घेतली की तो संच उघडा करून समोर मांडायचा. तो मग मोडता येत नाही. ज्याने पंग केला तो भिंतीतून न उचलता एक टाइल टाकतो, आणि पाळी त्याच्या उजवीकडे जाते. मधल्या माणसाची पाळी चुकली तर चुकली. कोणी हक्क सांगितला नाही तर पुढचा खेळाडू भिंतीतून उचलतो, हातात १४ झाल्या की एक टाकतो, आणि पुन्हा १३ होतात. सगळा डाव म्हणजे हेच उचलणं आणि टाकणं. १३६ पैकी ५३ टाइल्स वाटपात जातात, भिंतीत ८३ राहतात. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साधारण वीस पाळ्या, त्याही भिंत संपेपर्यंत कोणी जिंकलं नाही तर.

तीन फान कुठून येणार

तेरा टाइल्स रचून समोर उभ्या केल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचा. उत्तराचे रस्ते थोडे आहेत आणि ते पाठच करावेत. एकाच रंगाच्या टाइल्स आणि सोबत मानाच्या टाइल्स, बाकी दोन रंगांचं काहीही नाही, अशा मिश्र एकरंगी हाताला ३ फान. चारही संच पंगांचे असतील तर ३ फान. मानाची टाइलही नाही, निव्वळ एकच रंग, असा हात जमला तर ७. हे मोठे रस्ते.

बाकीचे फान सुटे सुटे गोळा करावे लागतात. कोणत्याही ड्रॅगनच्या पंगाला १. आपल्या आसनाच्या वाऱ्याच्या पंगाला १, चालू फेरीच्या वाऱ्याच्या पंगाला १. दोन्ही वारे एकच असतील तर त्या एका पंगाचे २. दुसऱ्याच वाऱ्याचा पंग केला तर त्याचं काहीच मिळत नाही, फक्त संच होतो. चारही संच चाऊ असतील तर १. जिंकणारी टाइल भिंतीतून स्वतः उचलली तर १. एकही संच उघडा न करता जिंकलं तर बरीच टेबलं आणखी १ देतात. ते आधी विचारून घ्यावं.

सुट्या फानांवर हात उभा करणं अवघड का, ते पाहा. चार चाऊ केले की ड्रॅगनचा पंग येत नाही. ड्रॅगनचा पंग केला की चार चाऊंचा फान गेला. पटकन हात जुळवायला संच उघडे केले की बंद हाताचा फान गेला. म्हणून ३ फानच्या टेबलावर डावाच्या सुरुवातीलाच एक मोठा रस्ता दिसतो का ते बघायचं. माझा नियम साधा आहे: १३ पैकी ९ टाइल्स एका रंगाच्या आणि मानाच्या मिळून असतील, तर मिश्र एकरंगीकडे जायचं आणि वाट बदलायची नाही. ८ असतील तर दोन-तीन पाळ्या पाहायचं. तीन किंवा चार जोड्या हातात आल्या असतील तर पंगांचा हात. यांपैकी काहीच नसेल तर हात बंद ठेवून, भिंतीतून उचलत, चाऊ जुळवत राहायचं, आणि जिंकण्याची आशा कमी ठेवायची.

कोणत्या आकाराला किती टाइल्स मदत करतात

टाकताना नवखा माणूस टाइल एकटी आहे की जोडीत आहे एवढंच पाहतो. त्यापेक्षा हा आकार पूर्ण करायला किती टाइल्स शिल्लक आहेत ते मोजावं. बांबू ५-६ हातात असतील तर ४ किंवा ७ चालतो. प्रत्येकी चार, म्हणजे आठ टाइल्स. ५-७ असतील तर फक्त ६, म्हणजे चार. १-२ असतील तर फक्त ३, तिथेही चारच, कारण १ च्या अलीकडे काही नाही. जोडीचा पंग करायचा तर उरलेल्या फक्त दोन. पण त्या कोणाकडूनही घेता येतात, चाऊसाठीच्या टाइल्स मात्र डावीकडूनच. त्यामुळे आठ हा आकडा दिसतो तितका मोठा नसतो, आणि दोन हा दिसतो तितका लहान नसतो.

या आकड्यांतून टेबलावर उघड दिसणाऱ्या टाइल्स वजा करायच्या. टाकलेल्या टाइल्स मध्यभागी उताण्या पडलेल्या असतात, उघडे संच सगळ्यांसमोर असतात, लपलेलं काही नाही. दोन बांबू ४ मध्यभागी पडले असतील तर ५-६ च्या आठांपैकी सहाच उरल्या. ही वजाबाकी प्रत्येक पाळीला करायची सवय लागली की टाकण्याचा निर्णय बराचसा आपोआप होतो.

एक हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता प्रत्यक्ष एक हात खेळून पाहू. फेरी पूर्वेची आहे, तुम्ही दक्षिणेच्या आसनावर आहात. म्हणजे डावीकडे पूर्व, उजवीकडे पश्चिम, समोर उत्तर. हातात आलं आहे: बांबू १, २, ३, ५, ७, ८, ठिपके ४ आणि ९, अक्षरं ३ आणि ६, लाल ड्रॅगन दोन, दक्षिण वारा एक.

मोजा. बांबू सहा, मानाच्या तीन, एकूण नऊ. रस्ता मिश्र एकरंगीचा. त्यात लाल ड्रॅगनचा पंग झाला तर ४ फान. ठिपके आणि अक्षरं मिळून चार परक्या टाइल्स आहेत, त्या घालवायच्या. एकटा दक्षिण वारा मात्र ठेवायचा. तो तुमच्या आसनाचा आहे आणि मिश्र एकरंगीत बसतो.

पहिल्या पाळीला बांबू ७ येतो. टाका ठिपके ९. पहिल्याच फेरीत समोरच्या उत्तरेने बांबू ९ टाकला. तुमच्याकडे ७-८ आहेत, हात शिवशिवतो, पण ती टाइल चाऊसाठी घेता येणार नाही, कारण उत्तर तुमच्या डावीकडे नाही.

दुसऱ्या पाळीला अक्षर २ येतो. आता हातात अक्षरं २-३ अशी छान जोडगोळी झाली, आठ टाइल्स तिला पूर्ण करू शकतात. हात लवकर जुळवायचा असता तर ती ठेवली असती. पण तिच्यासकट हात पूर्ण केला तर फान किती? मिश्र एकरंगी मोडला. लाल ड्रॅगनचा १. दक्षिणेचा पंग जमला तर १. तिसरा फान मिळवायला शेवटची टाइल स्वतःच उचलावी लागेल, आणि दुसऱ्याने टाकलेली प्रत्येक टाइल बघत बसावं लागेल. म्हणून अक्षरांचा मोह सोडायचा. टाका ठिपके ४. मधले आकडे सगळ्यांनाच लागतात, ते टाकायचेच असतील तर इतरांचे हात तयार व्हायच्या आत टाकलेले बरे. याच फेरीत पश्चिमेने आणखी एक बांबू ९ टाकला, तोही तुमच्या हक्काचा नाही.

पुढे उत्तरेने लाल ड्रॅगन टाकला. लगेच पंग म्हणा. उत्तरेनंतर पूर्वेची पाळी होती, ती गेली. तीन लाल ड्रॅगन समोर मांडा आणि अक्षर ६ टाका. हातात राहिले बांबू १, २, ३, ५, ७, ७, ८, अक्षरं २, ३, दक्षिण एक. दहा टाइल्स आणि उघडा संच तीनचा, तेरा बरोबर.

पुढच्या पाळीला बांबू ६ आला. टाका अक्षर ३. आता बांबू १-२-३ आणि ५-६-७ असे दोन संच झाले, ७-८ ला ६ किंवा ९ हवा, आणि जोडी अजून नाही. त्यानंतरच्या पाळीला दक्षिण वारा आला. हातातल्या दक्षिणेला जोडीदार मिळाला. अक्षर २ टाकलं की परकी एकही टाइल राहिली नाही. हात तयार आहे: बांबू ६ किंवा ९ आला की जीत. ६ चा एक तुमच्याकडे आहे, तीन उरले. ९ चे दोन मध्यभागी पडले, दोन उरले. एकूण पाच टाइल्स.

दोन पाळ्या काहीच मिळत नाही, जे उचललं ते टाकलं. मग पूर्वेने दक्षिण वारा टाकला. आता खरा विचार करायचा आहे. हात तयार असताना जोडी मोडून पंग करायचा का?

बहुतेक नवखे इथे घाबरून गप्प बसतात. पण मोजून पाहा. पंग केला तर लाल आणि दक्षिण असे दोन उघडे संच, हातात बांबू १, २, ३, ५, ६, ७, ७, ८, आणि यातली एक टाकायची. ८ टाकला तर उरतं १-२-३, ५-६, ७-७. जोडी सातांची, आणि ५-६ ला ४ किंवा ७. ४ चे चारही कुठे दिसलेले नाहीत, ७ चे दोन उरले. एकूण सहा टाइल्स. हात मोडला नाही, उलट पाचाच्या सहा झाल्या, आणि दक्षिणेचा पंग झाल्यामुळे एक फान वाढला. ८ ऐवजी ७ टाकला तर ५-६-७-८ उरतात आणि ५ किंवा ८ वर जोडी जुळते, तिथेही सहाच टाइल्स. दोन्ही सारखेच असताना मी ८ टाकतो, कारण कडेकडची टाइल दुसऱ्याच्या उपयोगाची असण्याची शक्यता कमी.

याची किंमत एकच. इतका वेळ तुम्ही ठिपके आणि अक्षरं टाकत होतात, समोर लाल आणि दक्षिण उघडे आहेत, आणि आता पहिला बांबू टाकलात. जाणत्या खेळाडूला याचा अर्थ कळतो: बांबूचा हात पुरता भरला आणि तयार झाला. ते यापुढे बांबू टाकताना विचार करतील. तरी प्रत्येकाला आपलाही हात जुळवायचा असतो. एका फेरीनंतर पश्चिमेने बांबू ४ टाकला. पश्चिम तुमच्या उजवीकडे आहे, चाऊसाठी ती टाइल मिळाली नसती, जिंकण्यासाठी मिळते. सिक वू म्हणायचं आणि हात उघडायचा.

मोजणी

मोजताना एक ठराविक क्रम ठेवा, म्हणजे काही सुटत नाही आणि दोनदा धरलं जात नाही. आधी आकार तपासा: लाल-लाल-लाल, दक्षिण-दक्षिण-दक्षिण, बांबू १-२-३, बांबू ४-५-६, जोडी ७-७. चार संच, एक जोडी, चौदा टाइल्स. मग संपूर्ण हाताचे फान: बांबू आणि मानाच्या टाइल्स, दुसरा रंग नाही, ३. मग एकेका संचाचे: लाल ड्रॅगन १, दक्षिण हा आसनाचा वारा १. फेरी पूर्वेची असल्यामुळे दक्षिणेचा दुसरा फान नाही. फेरी दक्षिणेची असती तर त्याच पंगाचे २ झाले असते. शेवटी टाइल कशी आली ते: दुसऱ्याने टाकलेली, म्हणून स्वतः उचलल्याचा फान नाही. चारही संच पंग नाहीत, चारही चाऊ नाहीत, तिथेही काही नाही. एकूण ५ फान.

फान म्हणजे गुण नव्हेत. एका प्रचलित कोष्टकात ३ फानला ८, ४ ला १६, ५ ला २४ आणि ६ ला ३२ गुण मिळतात. म्हणजे चारपर्यंत दुप्पट होत जातं आणि पुढे चढ मंदावतो. दक्षिणेचा पंग न करता ६ किंवा ९ वर जिंकला असता तर ४ फान, १६ गुण. पंग केल्यामुळे २४. हाच बांबू ४ तुम्ही भिंतीतून उचलला असता तर ६ फान, ३२. हे गुण कोणी भरायचे याचे रिवाज दोन. काही टेबलांवर टाइल टाकणाराच सगळे भरतो, काहींवर तिघेही भरतात आणि टाकणारा दुप्पट. पहिला फासा पडण्याआधी हे आणि किमान फान किती, दोन्ही बोलून घ्यावं. घरी नुकतं शिकणारे चौघे असतील तर पहिले काही डाव किमान फान न ठेवता खेळा, पण प्रत्येक जिंकलेला हात मोजा. शून्य फानचे हात किती निघतात ते दिसलं की ३ ची अट का ठेवतात ते कळेल.

हात बाद कसा होतो

चुका मुख्यतः दोन ठिकाणी होतात. पहिली टाइल्सच्या संख्येत. पंग करून वर भिंतीतूनही उचललं तर एक जास्त होते. काँग करून शेपटाकडची टाइल घ्यायला विसरलं तर एक कमी. हाँगकाँगमध्ये अशा हाताला जिंकता येत नाही, त्या खेळाडूने डाव संपेपर्यंत नुसतं उचलायचं आणि टाकायचं. म्हणून टाकल्यावर लगेच मोजा: हातातल्या टाइल्स अधिक प्रत्येक उघड्या संचाच्या तीन, तेरा यायलाच हव्यात. काँगच्या चार टाइल्सही तीनच धरायच्या. दुसरी चूक जीत चुकीची जाहीर करण्याची. आकार जुळला नसेल किंवा फान कमी पडत असतील आणि तरी हात उघडला, तर तिघांनाही दंड द्यावा लागतो. सिक वू म्हणण्याआधी मनात फान मोजून झालेले असले पाहिजेत. हात तयार झाला त्या क्षणीच मोजून ठेवले की घाई होत नाही, कारण कोणती टाइल आली तर किती फान, हे तेव्हाच ठरलेलं असतं.

काही हात तयार होतच नाहीत, आणि त्यांचंही एक शहाणपण आहे. भिंतीत वीसेक टाइल्स उरल्या आणि तुमचा हात अजून दोन टाइल्स दूर असेल, तर जिंकण्याचा नाद सोडा आणि दुसऱ्याला जिंकू न देण्याकडे वळा. आत्ताच कोणी टाकलेली आणि कोणीही न घेतलेली टाइल तुमच्याकडे असेल तर ती त्या क्षणी बरीच सुरक्षित. एखाद्या वाऱ्याच्या तीन टाइल्स मध्यभागी पडल्या असतील तर चौथी निर्धास्त टाका. ती फक्त तेरा अनाथ नावाच्या दुर्मीळ हातात चालते, ज्यात प्रत्येक रंगातला १ आणि ९ आणि सगळ्या मानाच्या टाइल्स एकेक लागतात. उघडे संच ज्याचे एकाच रंगाचे आहेत त्याच्यासमोर त्या रंगाची न दिसलेली टाइल टाकू नका, त्यासाठी आपला जुळलेला चाऊ मोडावा लागला तरी मोडा. भिंत संपली आणि कोणी जिंकलं नाही तर गुणांची देवघेव होत नाही. तुमचा हात अर्धवट राहिला, पण दुसऱ्याच्या ७ फानच्या हाताला शेवटची टाइल तुमच्याकडून मिळाली नाही.